चार रंगीत ठोकळ्यांचं कोडं: हातात घेण्याआधी कागदावर काढा

प्रश्न: मुलीला चार रंगीत ठोकळ्यांचं कोडं मिळालंय. एकावर एक चारही ठोकळे रचायचे आणि मनोऱ्याच्या चारही बाजूंना लाल, पिवळा, निळा, हिरवा हे चारही रंग एकेकदाच दिसले पाहिजेत. दोन आठवडे झाले, तीन बाजू कधीकधी जमतात, चौथी जमत नाही. कुणीतरी म्हणालं, ठोकळ्यांच्या बाजूंचा आलेख काढला की उत्तर मिळतं. तो कसा काढायचा? आमचे ठोकळे असे आहेत (समोर/मागे, डावी/उजवी, वर/खाली):

पहिला: निळा/हिरवा, पिवळा/पिवळा, लाल/पिवळा
दुसरा: लाल/लाल, हिरवा/लाल, पिवळा/निळा
तिसरा: हिरवा/पिवळा, लाल/निळा, निळा/हिरवा
चौथा: लाल/हिरवा, निळा/पिवळा, लाल/पिवळा

उत्तर:

बाजू जोड्या-जोड्यांनी लिहून पाठवल्यात हे फार बरं केलंत, कारण आलेखाला नेमकं तेवढंच लागतं. मी बरीच वर्षं शाळकरी मुलांबरोबर हे कोडं सोडवत आलोय. मुलं ठोकळ्याचे रंग लिहितात तेव्हा बहुतेक वेळा फेरी मारल्यासारखे सलग लिहितात, आणि मग कुठल्या रंगासमोर कुठला रंग आहे हेच हरवतं.

आधी हातानं का जमत नाही ते बघू. एक ठोकळा चोवीस प्रकारे ठेवता येतो: सहापैकी कुठलीही बाजू वर, आणि ती वर ठेवून चार दिशांना वळवता येतो. पहिल्या ठोकळ्याच्या बाबतीत मात्र फक्त तीनच पर्याय खरे वेगळे आहेत, कारण अख्खा मनोरा फिरवला किंवा उलटा केला तरी कोडं तेच राहतं. कुठली जोडी वर-खाली लपवायची एवढंच तिथे ठरवायचं असतं. म्हणजे एकूण मांडण्या ३ × २४ × २४ × २४, अर्थात ४१,४७२. एक मांडणी तपासायला पाच सेकंद धरले तरी न थांबता सत्तावन्न तास लागतील, आणि तेही एकदा केलेली मांडणी पुन्हा न करता. शिवाय एक बाजू दुरुस्त करायला ठोकळा वळवला की त्याच्या इतर बाजूही हलतात, म्हणून ‘तीन जमल्या, आता फक्त चौथी’ असं इथे नसतं. तीन बाजू जमलेली मांडणी उत्तराच्या जवळ असेलच असं नाही.

हे कोडं जुनं आहे. १९०० साली अमेरिकेत फ्रेडरिक शॉसोनं त्याचं पेटंट घेतलं, त्या ठोकळ्यांवर रंगांऐवजी पत्त्यांचे बदाम, इस्पिक वगैरे होते. १९६७ मध्ये पार्कर ब्रदर्सनं ते ‘इन्स्टंट इन्सॅनिटी’ या नावानं बाजारात आणलं आणि ते घरोघर गेलं. पण आलेखाची युक्ती त्याच्या वीस वर्षं आधीची: १९४७ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या ‘युरेका’ या गणिती नियतकालिकात एफ. दे कार्तब्लांश या टोपणनावानं ती छापून आली.

त्या युक्तीचं मर्म एका साध्या निरीक्षणात आहे. मनोऱ्यात प्रत्येक ठोकळ्याच्या समोरासमोरच्या तीन जोड्यांपैकी एक जोडी वर-खाली जाते आणि तिच्या रंगांना काही महत्त्व उरत नाही. एक जोडी समोर-मागे येते, एक डावी-उजवीकडे. आता ठोकळा हातात घ्या. समोरची आणि मागची बाजू दोन बोटांत धरून त्याला अर्धा फेरा द्या. समोर-मागे जे होतं ते तसंच राहिलं, डावी आणि उजवी मात्र अदलाबदल झाली. म्हणजे समोर-मागे कुठली जोडी आणि कुठल्या दिशेनं हे एकदा ठरवलं, तरी डाव्या-उजव्या जोडीची दिशा आपल्याला हवी तशी ठेवता येते. ती ठेवताना वर-खालचे रंग उलटे होतात, पण ते कुणाला मोजायचेच नाहीत. म्हणून ठोकळ्यावर कुठल्या रंगाच्या शेजारी कुठला रंग आहे ही सगळी माहिती सोडून देता येते. उरतात फक्त ठोकळ्यामागे तीन जोड्या, एकूण बारा.

त्या बारा जोड्या आता काढूया. कागदावर चौकोनाच्या कोपऱ्यांसारखे चार ठळक बिंदू द्या. वर डावीकडे लाल, वर उजवीकडे पिवळा, खाली उजवीकडे निळा, खाली डावीकडे हिरवा. ठोकळ्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंचे जे रंग, ते दोन बिंदू रेषेनं जोडायचे आणि रेषेवर ठोकळ्याचा क्रमांक लिहायचा. दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असतील तर त्या बिंदूतून निघून त्याच बिंदूत परत येणारा वळसा काढायचा. दोनच बिंदूंमध्ये दोन रेषा आल्या तर त्या एकमेकींवर गिरवू नका, शेजारी-शेजारी वाकवून काढा.

तुमच्या ठोकळ्यांचं चित्र छान सुटसुटीत येतं. चौकोनाच्या प्रत्येक बाजूवर दोन-दोन रेषा आहेत. वरच्या लाल-पिवळ्या बाजूवर १ आणि ४, उजव्या पिवळ्या-निळ्या बाजूवर २ आणि ४, खालच्या निळ्या-हिरव्या बाजूवर १ आणि ३, डाव्या हिरव्या-लाल बाजूवर २ आणि ४. दोन्ही कर्णांवर एकेकच रेषा, आणि दोन्ही तिसऱ्या ठोकळ्याच्या: पिवळा-हिरवा आणि लाल-निळा. शिवाय पिवळ्यावर १ चा वळसा, लालवर २ चा वळसा.

पुढे जाण्याआधी ताळा घ्या, कारण इथे एक रेषा चुकली की पुढचं सगळं वाया जातं. रेषा बाराच हव्यात आणि प्रत्येक क्रमांक तीनदा यायला हवा. मग एकेका बिंदूला येऊन टेकणारी टोकं मोजा, वळशाची टोकं दोन धरून. लालला सात, पिवळ्याला सात, निळ्याला पाच, हिरव्याला पाच. आता ठोकळे हातात घेऊन त्या रंगाच्या बाजू मोजा, तेच आकडे यायला हवेत. एखाद्या रंगाच्या बाजू चारपेक्षा कमी भरल्या तर तिथेच थांबा, कारण मनोऱ्याच्या चारही बाजूंना तो रंग पुरणारच नाही.

आता उत्तर या चित्रात कसं दिसेल? मनोऱ्याच्या समोरच्या बाजूला लाल एकदा, मागच्या बाजूला लाल एकदा. म्हणजे समोर-मागच्या चार जोड्यांमध्ये मिळून लाल दोनदा, तसाच प्रत्येक रंग दोनदा. चित्रातून चार रेषा अशा निवडायच्या की प्रत्येक क्रमांकाची एकच रेषा असेल आणि प्रत्येक बिंदूला बरोबर दोन टोकं टेकतील. वळसा घेतला तर त्या एकट्यानं त्याच्या बिंदूची दोन्ही टोकं भरली. डाव्या-उजव्या बाजूंसाठी अशीच दुसरी निवड हवी, आणि दोन्ही निवडींत एकही रेषा सामाईक नको, कारण एकच जोडी एकाच वेळी समोर-मागेही आणि डावी-उजवीही असू शकत नाही.

प्रत्येक ठोकळ्याच्या तीन रेषांतून एक निवडायची, म्हणजे जास्तीत जास्त ३ × ३ × ३ × ३ = ८१ निवडी. पण त्याही सगळ्या तपासाव्या लागत नाहीत. जिथे हात सगळ्यात कमी मोकळा आहे तिथून सुरुवात करावी, आणि मी नेहमी वळशापासून करतो.

पहिल्या ठोकळ्याचा पिवळ्यावरचा वळसा घेऊन बघू. पिवळा भरला, त्याला आता दुसरी कुठलीही रेषा लागू शकत नाही. चौथ्या ठोकळ्याच्या तीन रेषा आहेत लाल-हिरवा, निळा-पिवळा, लाल-पिवळा. पिवळा बंद असल्यामुळे लाल-हिरवाच उरली. दुसऱ्याची पिवळा-निळाही गेली, आणि लालवरचा वळसा घेतला तर लालला तीन टोकं होतात, म्हणून तोही गेला. उरली हिरवा-लाल. आता लाल भरला, हिरवाही भरला, आणि निळ्याची दोन्ही टोकं रिकामी. तिसऱ्या ठोकळ्याचा निळ्यावर वळसा हवा होता, तो नाही. म्हणजे पहिल्या ठोकळ्याचा पिवळा वळसा कुठल्याच निवडीत बसत नाही. तो वर-खालीच जाणार, आणि पहिल्या ठोकळ्याची लाल-पिवळा एका निवडीत, निळा-हिरवा दुसऱ्या निवडीत हे पक्कं झालं.

ज्या निवडीत पहिल्याची निळा-हिरवा आहे ती घ्या. दुसऱ्या ठोकळ्याचे तीन पर्याय करून बघायचे. पिवळा-निळा घेतली तर निळा भरतो, मग तिसऱ्याची फक्त पिवळा-हिरवा चालते, आणि पिवळा-हिरवाही भरल्यावर चौथ्याचा लालवर वळसा लागतो, जो नाही. हिरवा-लाल घेतली तर हिरवा भरतो, तिसऱ्याची लाल-निळाच चालते, आणि शेवटी चौथ्याचा पिवळ्यावर वळसा लागतो, तोही नाही. उरला दुसऱ्याचा लालवरचा वळसा. लाल भरला. तिसऱ्याची निळा-हिरवा घेतली तर पुन्हा चौथ्याचा पिवळा वळसा हवा. म्हणून तिसऱ्याची पिवळा-हिरवा, आणि चौथ्याची पिवळा-निळा. मोजा: लाल दोन, पिवळा दोन, निळा दोन, हिरवा दोन. ही निवड सक्तीनं एकच आली. चित्रात ती लालवरचा एक वळसा आणि पिवळा-निळा-हिरवा असा त्रिकोण दिसते.

दुसऱ्या निवडीत पहिल्याची लाल-पिवळा आहे. दुसऱ्याचा लाल वळसा आधीच वापरला, आणि इथे त्यानं लालला तीन टोकंही होतील. चित्राकडे बघितलं की चौकोनाची कड लगेच खुणावते: वर १, उजवीकडे ४, खाली ३, डावीकडे २. प्रत्येक क्रमांक एकदा, प्रत्येक बिंदूला दोन टोकं, सगळं बरोबर. पण उजवीकडची पिवळा-निळा ही चौथ्या ठोकळ्याची रेषा त्रिकोणात गेलेली आहे. मुलं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. दोन निवडी मिळाल्या म्हणून ठोकळे रचायला घेतात आणि चौथा ठोकळा हट्ट करतो, कारण त्याच्याकडून एकाच जोडीला दोन ठिकाणी उभं राहायला सांगितलेलं असतं. निवडलेल्या रेषा वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलीनं गिरवा, मग दोनदा गिरवलेली रेषा डोळ्यांत भरते.

सुटका त्याच चौकोनात आहे. उजवी आणि डावी, दोन्ही बाजूंवर २ आणि ४ अशाच रेषा आहेत, म्हणून त्यांची अदलाबदल करता येते: वर १, उजवीकडे २, खाली ३, डावीकडे ४. चौकोन तोच, ठोकळे बदलले. आता त्रिकोणाशी एकही रेषा सामाईक नाही.

आता रेषांना बाण द्यायचे. चौकोनावर एकाच दिशेनं फिरा: लालकडून पिवळ्याकडे (१), पिवळ्याकडून निळ्याकडे (२), निळ्याकडून हिरव्याकडे (३), हिरव्याकडून लालकडे (४). बाण जिथून निघतो तो रंग समोर, जिथे पोचतो तो मागे. एकाच दिशेनं फिरल्यामुळे प्रत्येक बिंदूतून एक बाण निघतो आणि एक येतो, म्हणजे प्रत्येक रंग समोर एकदा आणि मागे एकदा आपोआप येतो. एकही बाण उलटा झाला तर एखादा रंग समोर दोनदा येईल. त्रिकोणावरही तसंच: निळ्याकडून हिरव्याकडे (१), हिरव्याकडून पिवळ्याकडे (३), पिवळ्याकडून निळ्याकडे (४), आणि लालचा वळसा (२) लालकडून लालकडे. इथे निघणारा रंग डावीकडे, पोचणारा उजवीकडे.

उत्तर असं आलं:

पहिला: समोर लाल, मागे पिवळा, डावीकडे निळा, उजवीकडे हिरवा
दुसरा: समोर पिवळा, मागे निळा, डावीकडे लाल, उजवीकडे लाल
तिसरा: समोर निळा, मागे हिरवा, डावीकडे हिरवा, उजवीकडे पिवळा
चौथा: समोर हिरवा, मागे लाल, डावीकडे पिवळा, उजवीकडे निळा

तिसरा ठोकळा लावताना जरा थांबा, कारण त्याच्यावर दोन हिरवे आणि दोन निळे आहेत. ज्या निळ्याच्या नेमका पाठीमागे हिरवा आहे तो निळा समोर हवा. ज्याच्यामागे लाल आहे तो नव्हे. चौथ्याच्या लालचंही तसंच: ज्याच्या पाठीमागे हिरवा आहे तोच लाल मागे जातो. प्रत्येक ठोकळ्याला आधी समोर-मागची जोडी लावा, मग ती जोडी दोन बोटांत धरून ठोकळा पाव-पाव फेरा फिरवा, डावी-उजवी जोडी जागेवर येईल. रंग बरोबर पण डावं-उजवं उलटं दिसलं तर अजून अर्धा फेरा. ठोकळ्यांचा वर-खाली क्रम कुठलाही ठेवा, त्यानं काही बिघडत नाही.

तुमच्या संचाला मुळात एवढंच एक उत्तर आहे. चौकोन उलट्या दिशेनं फिरलात तर फक्त समोर आणि मागे अदलाबदल होते, म्हणजे तोच मनोरा दुसरीकडून. पण एखाद्या संचात निवडीचे दोन सुटे तुकडे पडतात, जसं लाल-पिवळ्यामध्ये दोन रेषा आणि निळ्या-हिरव्यामध्ये दोन. तिथे प्रत्येक तुकड्याची दिशा स्वतंत्रपणे बदलता येते आणि खरोखर वेगळी उत्तरं मिळू शकतात.

आलेखाचा मला सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो उत्तर नसतं तेव्हा. एका सुट्टीतल्या शिबिरासाठी मी घरी कागद चिकटवून ठोकळे केले होते. त्यात एक कागद चुकीच्या बाजूला लागला आणि मुलं अख्खी दुपार त्यावर बसली. संध्याकाळी चित्र काढलं आणि पाच मिनिटांत कळलं की उत्तर नाहीच. तुमच्याच संचात समजा चौथ्या ठोकळ्याचा निळा कागद निघून तिथे हिरवा लागला. रंगांची मोजणी तरी पास होते: लाल सात, पिवळा सात, हिरवा सहा, निळा चार. हातानं रचलंत तर समोर-मागे सुरेख जुळतं, कारण १-२-३-४ चा चौकोन शाबूत आहे. पण त्रिकोणाला लागणारी चौथ्याची पिवळा-निळा रेषा गेली, आणि तिच्या जागी बसेल अशी दुसरी निवड चित्रात कुठेच नाही. डावी-उजवी बाजू शंभर वर्षं फिरवली तरी जमणार नाही. हाताला ही गोष्ट कधीच कळत नाही, कारण ‘अजून सापडलं नाही’ आणि ‘नाहीच’ हे दोन्ही हाताला सारखेच लागतात.

मुलगी पुढे पाच ठोकळे आणि पाच रंगांचा संच मागेल, तेव्हा चित्र असंच काढा: पाच बिंदू, पंधरा रेषा, निवडी जास्तीत जास्त २४३. प्रत्येक ठोकळ्यामागे निवडी तिपटीनं वाढतात, म्हणून दहा ठोकळ्यांना ५९,०४९ होतात आणि तिथे कागद-पेन्सिल थकते. १९७८ मध्ये रॉबर्टसन आणि मन्रो यांनी दाखवलं की कितीही ठोकळ्यांचं हे कोडं एनपी-पूर्ण वर्गात मोडतं, म्हणजे सगळ्या संचांना लागू पडेल अशी झटपट रीत आजवर कुणाला माहीत नाही. चार-पाच ठोकळ्यांना मात्र वळशापासून सुरुवात केलीत तर पानभर कागद पुरतो.